उणिवांचा हिशेब

एप्रिल १९४८ ते ऑक्टोबर १९४९ या काळात लंडनमधल्या २० रुग्णालयांनी कर्करोगाच्या २,३७० रुग्णांची नावे दोन संशोधकांकडे कळवली. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हे ते दोघे. फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण एवढे का वाढते आहे, याचा शोध त्यांना घ्यायचा होता. मात्र कळवलेल्या रुग्णांपैकी ४०८ जणांची मुलाखत होऊच शकली नाही. सप्टेंबर १९५० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा या ४०८ जणांचा हिशेब त्यांनी मांडला. १८९ जणांना मुलाखतीआधीच घरी सोडले होते, ११६ जणांची प्रकृती फारच खालावली होती, ६७ जण दगावले होते, २४ जणांना ऐकू येत नव्हते आणि ११ जणांना इंग्रजी बोलता येत नव्हते. उरलेल्या एकाची उत्तरे अजिबात भरवशाची वाटली नाहीत, म्हणून ती सोडून दिली होती.

बेरीज बरोबर ४०८ येते. मुलाखतीला नकार मात्र एकानेही दिला नव्हता. एवढा तपशील वाचल्यावर वाचकाला काय निसटले आहे ते कळते आणि ते का निसटले असावे याचा अंदाजही बांधता येतो. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा हा निबंध विसाव्या शतकातल्या सर्वांत परिणामकारक वैद्यकीय लेखनात गणला जातो. त्याची बरीचशी पाने लेखकांनी आपल्याच पद्धतीतल्या संभाव्य चुका शोधण्यात घालवली आहेत, आणि निबंध टिकला त्यात या पानांचा वाटा मोठा आहे.

आजच्या संशोधनपर लेखनात या कामासाठी स्वतंत्र जागा असते. प्रबंधात ‘संशोधनाच्या मर्यादा’ असे प्रकरण किंवा उपप्रकरण येते आणि शोधनिबंधात चर्चेच्या शेवटी एखादा परिच्छेद येतो. जागा असली तरी ती भरतेच असे नाही. जॉन इओआनिडिस यांनी २००७ मध्ये नामवंत आणि खुल्या नियतकालिकांतले ४०० निबंध तपासले. स्वतःच्या कामाच्या मर्यादेबद्दल एखादा तरी शब्द वापरणारे निबंध त्यांत फक्त ६७ निघाले. त्याच वर्षी निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी ‘स्ट्रोब’ नावाची २२ मुद्द्यांची यादी प्रसिद्ध झाली. तिचा १९वा मुद्दा मर्यादांविषयी आहे. कोणत्या कारणाने माहिती एका बाजूला झुकली असेल ते सांगा, ती कोणत्या दिशेला झुकली असेल ते सांगा आणि अंदाजे किती झुकली असेल तेही सांगा, अशी त्याची मागणी आहे. लिहिताना नेमके हे दिशा आणि किती हे दोन भाग गळतात.

ते का गळतात हे आपल्याकडच्या कुठल्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून पाहता येईल. तिथल्या प्रबंधांत बहुधा अशी वाक्ये भेटतात: प्रस्तुत संशोधन अमुक तालुक्यापुरते मर्यादित आहे; वेळ आणि पैसा अपुरा असल्याने नमुना लहान आहे; प्रतिसादकांनी दिलेली माहिती खरी आहे असे गृहीत धरले आहे. लिहिणाऱ्याच्या मनात दोन धास्ती असतात. काहीच लिहिले नाही तर बहिःस्थ परीक्षक मौखिकीत विचारणार, आणि जास्त लिहिले तर ‘मग या कामाला अर्थ काय उरला?’ असे म्हणणार. यातून मधली वाट निघते ती कुणालाच न दुखावणाऱ्या वाक्यांची. पण अशी वाक्ये कोणत्याही प्रबंधाला चालतात, त्यामुळे समोरच्या प्रबंधाबद्दल ती काहीच सांगत नाहीत. अनुभवी परीक्षक ती वाचतो तेव्हा त्याला वाटते की खरी अडचण लेखकाला दिसलेली नाही किंवा त्याने ती झाकली आहे. विश्वासाला तडा जातो तो या ठिकाणी.

डॉल आणि हिल यांच्यापुढची सर्वांत मोठी अडचण मुलाखतीची होती. रुग्णालयांत समाजसेविकेचे काम करणाऱ्या चार बायका रुग्णांशी बोलत होत्या. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णासाठी त्याच रुग्णालयातला, त्याच वयोगटातला, स्त्री असेल तर स्त्री आणि पुरुष असेल तर पुरुष, पण कर्करोग नसलेला रुग्ण तुलनेसाठी निवडायचा, अशी पद्धत होती. अशा ७०९ जोड्या जमल्या. त्यांत पुरुषांच्या ६४९ जोड्या होत्या. कधीही धूम्रपान न केलेले पुरुष कर्करोगाच्या गटात फक्त २ सापडले, तर तुलनेच्या गटात २७. फरक स्पष्ट होता, पण समोरच्या माणसाला कोणता आजार आहे हे मुलाखत घेणाऱ्या बाईला बहुतेक वेळा माहीत असे. फुप्फुसाचा रुग्ण दिसला की ‘नीट आठवा, आणखी ओढत नव्हता ना?’ असे तिने नकळत जरा खोदून विचारले, तर सगळा फरक त्या खोदण्यातूनच तयार झाला असणे शक्य होते.

ही शक्यता मांडून ते थांबले असते तरी प्रामाणिक ठरले असते, पण मग वाचक अधांतरी राहिला असता. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि त्या परीक्षेचे साधन त्यांना स्वतःच्याच नोंदींत सापडले. फुप्फुसाचा कर्करोग आहे असे समजून ज्यांची मुलाखत घेतली गेली, पण पुढे निदान चुकीचे ठरले, असे सुमारे दोनशे रुग्ण होते. मुलाखत घेणारी त्यांच्यासमोर बसली तेव्हा तिच्या लेखी ते फुप्फुसाच्या कर्करोगाचेच रुग्ण होते. आकडे तिच्या समजुतीमुळे वाढत असते, तर या लोकांचे धूम्रपानही खऱ्या कर्करोगाच्या रुग्णांइतके जास्त नोंदले गेले असते. तसे झाले नव्हते. त्यांच्या सवयी कर्करोग नसलेल्या रुग्णांसारख्याच निघाल्या. निबंधातला एक दोष असा त्या निबंधाच्याच आधाराला आला. वाचकालाही तो निष्कर्ष लेखकाच्या शब्दावर मानावा लागत नाही, कारण त्यासाठीचा तक्ता समोरच दिलेला आहे.

दुसरी शंका स्मरणशक्तीची. वीस-तीस वर्षांपूर्वी रोज किती सिगारेट ओढत होतो हे कुणाला अचूक आठवणार? डॉल आणि हिल यांनी ५० रुग्णांना सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ लोटल्यावर तेच प्रश्न पुन्हा विचारले. उत्तरे तंतोतंत जुळली नाहीत, पण पुरेशी जवळ आली. इथे दिशेचा विचार कामी येतो. दोन्ही गटांतले लोक सारखेच विसरत असतील, तर काही जास्त ओढणारे चुकून कमी ओढणाऱ्यांत मोजले जातात आणि काही कमी ओढणारे जास्त ओढणाऱ्यांत. त्यामुळे गटांमधला फरक पुसट होतो, वाढत नाही. म्हणजे साधारण विसराळूपणामुळे धोका होता त्यापेक्षा कमी दिसला असेल. भीती दुसऱ्या प्रकारच्या विसरण्याची असते, एका गटाने एका तऱ्हेने आठवावे आणि दुसऱ्याने वेगळ्या तऱ्हेने. मर्यादांच्या परिच्छेदात ‘माहिती स्मरणावर आधारित आहे’ एवढे लिहून थांबले, तर या दोन गोष्टींतली कोणती घडली असेल हे वाचकाला कळत नाही, आणि न कळलेल्या गोष्टीचा तो वाईटात वाईट अर्थ लावतो.

झुकाव कोणत्या दिशेला आहे हेही कळत नसेल तेव्हा काय करायचे, याचे उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ग्रामीण स्त्रियांच्या आजारांवरचा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, आणि याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. स्त्रियांचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, या तेव्हाच्या समजुतीला या आकड्यांनी हादरा दिला. मात्र अंतर्तपासणीला गावातल्या सगळ्या बायका तयार होणे शक्यच नव्हते. पात्र स्त्रियांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास स्त्रिया आल्या. ज्यांना त्रास होता त्याच जास्त आल्या असतील, तर ९२ हा आकडा फुगलेला आहे. ज्यांना त्रास होता त्यांनाच लाज वाटून त्या घरी राहिल्या असतील, तर तो फुगलेला नाही. न आलेल्यांची तपासणी झालेली नसल्यामुळे दिशा ठामपणे सांगता येत नाही.

अशा वेळी साधी आकडेमोड बरेच काही सांगते. दर १०० स्त्रियांपैकी ६० आल्या असे धरू. त्यांच्यापैकी ९२ टक्के म्हणजे ५५ जणी आजारी. आता संशोधकाला सर्वांत प्रतिकूल अशी कल्पना करून पाहू: न आलेल्या ४० पैकी एकही आजारी नाही. तरीही शंभरांत ५५ स्त्रिया आजारी उरतात. याउलट सगळ्या ४० आजारी धरल्या तर संख्या ९५ होते. खरे उत्तर ५५ आणि ९५ यांच्यामध्ये कुठेतरी आहे. ‘९२ टक्के’ हा नेमका आकडा गावातल्या सर्व स्त्रियांना लावता येत नाही हे मान्य करावे लागते. पण ‘निम्म्याहून अधिक स्त्रियांना उपचारांची गरज आहे’ हे विधान सर्वांत वाईट गृहीतकालाही पुरून उरते, आणि आरोग्यसेवेचे धोरण ठरवायला तेवढे पुरेसे आहे. निष्कर्षाचा कोणता भाग हलतो आणि कोणता हलत नाही हे वाचकाला असे वेगवेगळे दाखवता येते.

याच अभ्यासाची दुसरी मर्यादा मात्र आकडेमोडीने सुटणारी नाही. दोन गावे म्हणजे जिल्हा नव्हे, मग देश तर दूरच. तिथे लेखकाच्या हातात एवढेच असते की गावे कशी होती ते सांगायचे आणि दुसऱ्यांनी दुसरीकडे मोजून पाहावे असे म्हणायचे. पुढे देशात इतरत्र असे अभ्यास झाले आणि आकडे ठिकाणागणिक बरेच वेगळे आले. लंडनच्या निबंधालाही हीच शंका होती. ‘हे फक्त लंडनपुरते असेल तर?’ डॉल आणि हिल यांनी ब्रिस्टल, केंब्रिज, लीड्स आणि न्यूकॅसल इथल्या रुग्णालयांत मुलाखती घेतल्या आणि १९५२ मध्ये एकूण १,४६५ जोड्यांचा निबंध प्रसिद्ध केला. पहिल्या निबंधाच्या शीर्षकातच तो प्राथमिक अहवाल आहे असे त्यांनी म्हटले होते.

हीच पद्धत लहानशा प्रबंधात कशी दिसेल, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. एका विद्यार्थिनीने तालुक्याच्या गावच्या दोन कनिष्ठ महाविद्यालयांत मोबाइल आणि झोप यांचा अभ्यास केला. अकरावीच्या २०० मुलांकडून प्रश्नावली भरून घ्यायची होती. मर्यादांत तिने लिहिले, ‘विद्यार्थ्यांनी दिलेली माहिती खरी आहे असे गृहीत धरले आहे.’ या वाक्यात मर्यादा सांगितलेलीच नाही. नेमकी जी शंका घ्यायची तिच्यावर गृहीतकाचे पांघरूण घातले आहे. तिच्या मार्गदर्शक बाईंनी सांगितले, ‘अगं, चाळीस मुलांच्या फोनमधली स्क्रीन टाइमची नोंद बघून ये.’ ती बघून आली आणि तिने परिच्छेद पुन्हा लिहिला:

‘मोबाइलचा वापर विद्यार्थ्यांच्या सांगण्यावरून नोंदवला आहे. ४० विद्यार्थ्यांच्या फोनमधील नोंदींशी ताडून पाहिले असता, सांगितलेला वेळ सरासरी एक तासाने कमी होता. त्यामुळे रोज ३ तास ही या अभ्यासातील सरासरी किमान समजावी. सर्वेक्षणाच्या दिवशी ३२ विद्यार्थी गैरहजर होते. उशिरा झोपणारे विद्यार्थी गैरहजर राहण्याची शक्यता अधिक असल्याने, कमी झोपेचे प्रमाणही प्रत्यक्षात जास्त असू शकते.’

कबुली पहिल्यापेक्षा मोठी आहे, तरी प्रबंध भक्कम झाला आहे. काय घडले, त्याने आकडा कोणत्या बाजूला गेला, किती गेला आणि तरीही काय म्हणता येते, हे सगळे त्यात आले. ‘नमुना लहान’ ही तक्रार तिने काढून टाकली, हेही योग्यच झाले. नमुना लहान असल्यामुळे येणारी अनिश्चितता प्रत्येक टक्केवारीच्या पुढे ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ अशा कक्षेने दाखवता येते. पण गैरहजर मुले किंवा कमी सांगितलेला वेळ या गोष्टी त्या कक्षेत येत नाहीत, आणि नमुना दहापट केला तरी जात नाहीत. दोन्हींना एकाच ओळीत बसवले की खरी अडचण लहान आकड्यांच्या आड लपते.

एक अडचण मात्र या परिच्छेदाने मिटत नाही. तिच्या प्रबंधाचे शीर्षक होते, ‘मोबाइल वापराचा विद्यार्थ्यांच्या झोपेवर होणारा परिणाम’. एकाच दिवशी भरलेल्या प्रश्नावलीवरून कोणती गोष्ट आधी घडली हे कळत नाही. मोबाइलमुळे झोप उडाली असेल, किंवा झोप येत नाही म्हणून मुलाने मोबाइल हातात घेतला असेल. असा दोष शेवटच्या पानावर नमूद करून वर शीर्षकात ‘परिणाम’ तसाच ठेवणे ही सर्वांत घातक विसंगती असते, कारण बहुतेक वाचक शीर्षक आणि गोषवाराच वाचतात. इथे शीर्षक बदलूनच भागते: ‘मोबाइल वापर आणि झोप यांतील संबंध’. गोषवाऱ्यातली क्रियापदेही बदलावी लागतात. ‘मोबाइलमुळे झोप कमी होते’ याऐवजी ‘मोबाइल जास्त वापरणाऱ्यांनी झोप कमी असल्याचे सांगितले’ असे लिहावे लागते. दोष दाव्याच्या मुळाशी असेल तर दावाच लहान करायचा असतो. आणि प्रतिकूल गृहीतक धरल्यावर उत्तर उलटत असेल, तर तो निष्कर्ष निष्कर्ष म्हणून न मांडता पुढच्या अभ्यासाचा प्रश्न म्हणून मांडायचा असतो.

या प्रामाणिकपणाची किंमत कधीकधी मोजावी लागते, हेही खरे. डॉल आणि हिल यांनी रुग्णांना धूर छातीत ओढता का असेही विचारले होते. अपेक्षेच्या उलट, कर्करोगाच्या गटात ‘हो’ म्हणणारे सुमारे ६२ टक्के आणि दुसऱ्या गटात सुमारे ६७ टक्के निघाले. हा अडचणीचा आकडा त्यांनी निबंधात छापला. पुढे १९५७-५८ मध्ये त्या काळचे सर्वांत मोठे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी तोच आकडा उचलून या सिद्धान्तावर हल्ला चढवला. फिशर तेव्हा तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागारही होते. पण त्यांच्या हातात जे शस्त्र होते ते लेखकांनीच सर्वांसमोर ठेवलेले होते. ‘हे तुम्ही लपवलेत’ असा आरोप करायला जागा नव्हती, त्यामुळे वाद पुराव्याच्या अर्थाबद्दलच चालला. आणि तोपर्यंत वेगळ्या पद्धतीने गोळा केलेला दुसरा पुरावा उभा राहिला होता.

हा दुसरा पुरावा पहिल्या निबंधाच्या मर्यादांतूनच जन्मला. आजारी पडल्यावर भूतकाळ विचारण्यात धोका असेल, तर निरोगी माणसांना सवयी आधी विचाराव्यात आणि मग वाट पाहावी. ऑक्टोबर १९५१ मध्ये डॉल आणि हिल यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना छोटी प्रश्नावली पाठवली. सुमारे दोन तृतीयांश, म्हणजे चाळीस हजारांहून अधिक डॉक्टरांनी उत्तरे दिली. १९५४ मध्ये पहिला अहवाल आला आणि सिगारेटचे प्रमाण वाढते तसे फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू वाढतात हे त्यात दिसले.

या अभ्यासालाही उणीव होतीच. अंथरुणाला खिळलेला डॉक्टर प्रश्नावली भरायच्या भानगडीत पडत नाही, त्यामुळे उत्तर देणाऱ्यांत सुरुवातीला मृत्यूंचे प्रमाण एकूण डॉक्टरांपेक्षा कमी होते. लेखकांनी ते लिहिले आणि त्याची दिशाही सांगितली. या कारणाने सगळ्याच गटांतले मृत्यू कमी दिसतील, पण सिगारेटींच्या संख्येबरोबर पायरीपायरीने वाढणारा फरक त्यातून तयार होणार नाही. शिवाय हा झुकाव खरा असेल तर वर्षे जातील तसा तो ओसरायला हवा, कारण १९५१ साली निरोगी असलेले लोकही पुढे आजारी पडणारच. पुढच्या वर्षांच्या नोंदींत तो तसा ओसरत गेलेला दिसतो. हा पाठपुरावा २००१ पर्यंत चालला, आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पन्नास वर्षांच्या आढाव्यात, आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी होते असा निष्कर्ष आला. त्या निबंधाचे पहिले लेखक म्हणून ९१ वर्षांच्या डॉल यांचेच नाव आहे.